थांबवलेले सहा हप्ते : घसरत्या बाजारातील एसआयपीचा हिशेब

डोंगरकडा हे नांदेड–हिंगोली मार्गावरील, हळद आणि केळी यांवर उभे असलेले गाव. येथील पेढ्यांवर भावाची चर्चा नाही असा दिवस उगवत नाही. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात आज हळद काय गेली, हे सकाळच्या चहाबरोबर सर्वांना कळलेले असते. बँकेतील नोकरीतून निवृत्त होऊन मी येथे स्थायिक झाल्यापासून अशा चर्चांना अधूनमधून हजर असतो. काही दिवसांपूर्वी आमच्या परिचयातील एक हळदीचे व्यापारी घरी आले. मुलीच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी म्युच्युअल फंडात दरमहा पाच हजार रुपयांची एसआयपी सुरू केली होती. हातात त्यांचे खातेपत्रक होते आणि चेहऱ्यावर नाराजी.

"साहेब, मागच्या सहा महिन्यांत भरले त्याच्या कमी दिसते आहे. बाजार उतरतोच आहे. हप्ता बंद करतो आणि बाजार सुधारला की पुन्हा चालू करतो. तुमचे काय मत?"

मी त्यांना म्हणालो, "शेठजी, हीच चूक मी स्वतः २००८ साली केली आहे. मत सांगण्याआधी तिचा हिशेब तुमच्यापुढे ठेवतो."

तो हिशेब आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या उपयोगाचा आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

ठराविक माल की ठराविक पैसा?

प्रथम सरासरीचे मूळ समजून घेऊ. त्यासाठी हळदीचेच उदाहरण पुरेसे आहे. समजा, दोन व्यापारी तीन महिने हळद खरेदी करतात. भाव सोयीसाठी कल्पिले आहेत : पहिल्या महिन्यात क्विंटलला १०,००० रुपये, दुसऱ्या महिन्यात ८,००० आणि तिसऱ्या महिन्यात १२,५००.

पहिला व्यापारी दर महिन्याला ठराविक माल घेतो, म्हणजे दहा क्विंटल. त्याचे एकूण ३ लाख ५ हजार रुपये जातात आणि तीस क्विंटल माल येतो. त्याची खरेदी क्विंटलला १०,१६७ रुपयांनी पडली. तीन भावांची साधी सरासरीही हीच आहे.

दुसरा व्यापारी दर महिन्याला ठराविक पैसा लावतो, म्हणजे एक लाख रुपये. त्याला पहिल्या महिन्यात १० क्विंटल, स्वस्ताईच्या महिन्यात साडेबारा क्विंटल आणि महागाईच्या महिन्यात केवळ ८ क्विंटल माल मिळतो. तीन लाखांत साडेतीस क्विंटल. त्याची खरेदी ९,८३६ रुपयांनी पडली. बाजार दोघांना तोच, महिने तेच, तरी दुसऱ्याला क्विंटलमागे सव्वातीनशेहून अधिक रुपयांचा फरक मिळाला.

या दुसऱ्या व्यापाऱ्याने भावाचा कोणताही अंदाज बांधलेला नव्हता. रक्कम ठरलेली असल्याने भाव उतरला तेव्हा त्याच्या हातून आपोआप अधिक माल घेतला गेला आणि भाव चढला तेव्हा आपोआप कमी. त्यामुळे त्याच्या साठ्यात स्वस्त मालाचा वाटा मोठा झाला. एसआयपीमध्ये हेच घडते. तेथे क्विंटलऐवजी युनिट असते आणि बाजारभावाऐवजी फंडाचे त्या दिवशीचे निव्वळ मालमत्ता मूल्य, ज्याला सर्वजण एनएव्ही म्हणतात. भाव हलत राहिला, तर ठराविक रकमेच्या खरेदीची सरासरी ही त्या काळातील भावांच्या साध्या सरासरीपेक्षा नेहमीच कमी पडते. भाव जितका अधिक हेलकावे खाईल, तितका हा फरक वाढतो. भाव जराही हलला नाही, तर फरक शून्य असतो. हा अंकगणिताचा नियम आहे, त्यात नशिबाचा भाग नाही.

२००८ आणि २००९ : चोवीस महिन्यांची वही

आता खरा बाजार घेऊ. जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स २१,००० च्या वर जाऊन आला होता. त्यानंतर अमेरिकेतील गृहकर्जांचे संकट जगभर पसरले आणि आपला बाजारही कोसळला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २८ ऑक्टोबरला होते. त्याच्या आदल्या दिवशी सेन्सेक्स काही वेळ ८,००० च्याही खाली गेला होता. नव्या वह्या घालण्याच्या दिवसांत अनेक पेढ्यांवर कसली शांतता होती, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल.

हिशेबासाठी असे मानू की, एक निर्देशांक फंड सेन्सेक्सबरोबर तंतोतंत चालतो आणि त्याच्या युनिटचा भाव म्हणजे सेन्सेक्सचा हजारावा भाग आहे. सेन्सेक्स १७,६४९ असेल तर युनिट १७ रुपये ६५ पैशांना. फंडाचा खर्च आणि कंपन्यांचा लाभांश हे दोन्ही बाजूला ठेवले आहेत. जानेवारी २००८ पासून डिसेंबर २००९ पर्यंत दर महिन्याच्या अखेरच्या व्यवहार दिवशी पाच हजार रुपये गुंतवले, असे चोवीस हप्ते झाले. एकूण गुंतवणूक १ लाख २० हजार.

जानेवारी २००८ अखेर भाव १७.६५ रुपये होता. पाच हजारांत २८३ युनिटे आली. जूनअखेर भाव १३.४६ वर आला. ३७१ युनिटे आली. ऑक्टोबरअखेर ९.७९ ला ५११ युनिटे. फेब्रुवारी २००९ अखेर भाव ८.८९ पर्यंत उतरला आणि त्याच पाच हजारांत ५६२ युनिटे मिळाली, म्हणजे आरंभीच्या जवळजवळ दुप्पट. मेअखेर भाव १४.६३ वर चढला आणि डिसेंबर २००९ अखेर १७.४६ वर पोहोचला. त्या शेवटच्या हप्त्यात २८६ युनिटे आली.

चोवीस हप्त्यांत एकूण ९,०७२ युनिटे जमली. १ लाख २० हजारांना ९,०७२ ने भागले असता खरेदीची सरासरी १३ रुपये २३ पैसे येते. त्या चोवीस भावांची साधी सरासरी मात्र १३ रुपये ९९ पैसे होती. हळदीच्या दुसऱ्या व्यापाऱ्याला जो फरक मिळाला, तोच येथे ७६ पैशांच्या रूपाने दिसतो.

आता लक्ष द्यावे असा भाग. आरंभीचा भाव १७.६५ आणि शेवटचा १७.४६. दोन वर्षांत बाजार खाली जाऊन पुन्हा जवळपास तेथेच परतला. किंबहुना किंचित खालीच राहिला. ज्याने जानेवारी २००८ अखेर १ लाख २० हजार एकरकमी लावले, त्याचे डिसेंबर २००९ मध्ये सुमारे १ लाख १८ हजार ७५० रुपये झाले. हप्त्याने लावणाऱ्याचे मात्र सुमारे १ लाख ५८ हजार ४०० झाले. बाजार जागच्या जागी राहिला, तरी ३८ हजार ४०० रुपयांचा नफा झाला, कारण त्याची बरीचशी खरेदी मधल्या खोल दरीत झालेली होती.

मी थांबवलेले हप्ते

येथे माझी कथा येते. त्या काळी माझाही एक निर्देशांक फंडातील हप्ता चालू होता. ऑक्टोबर २००८ मध्ये खातेपत्रकावरील आकडे पाहून माझा धीर सुटला. दिवसभर बँकेत ग्राहकांना संयमाचा सल्ला देणारा मी, संध्याकाळी घरी बसून हप्ता बंद करण्याचा अर्ज भरत होतो. पुढे बाजार चढू लागल्याची खात्री पटल्यावर, एप्रिल २००९ मध्ये तो पुन्हा सुरू केला. ऑक्टोबर ते मार्च असे सहा हप्ते चुकले. तेव्हा मला वाटले होते की, मी तीस हजार रुपये वाचवले.

वरच्या वहीत हेच सहा हप्ते खोडून पाहू. त्या सहा महिन्यांत तीस हजारांत ३,१८७ युनिटे येत होती, सरासरी ९ रुपये ४१ पैशांनी. म्हणजे पैशांचा चौथा हिस्सा लावून एकूण युनिटांचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग मिळत होता. ते हप्ते काढल्यावर उरतात अठरा हप्ते, ९० हजार रुपये आणि ५,८८५ युनिटे. खरेदीची सरासरी १३.२३ वरून १५.२९ वर जाते. डिसेंबर २००९ मध्ये या युनिटांचे मूल्य होते सुमारे १ लाख २ हजार ८०० रुपये. नफा १२ हजार ८०० चा. सर्व हप्ते भरणाऱ्याला मिळालेल्या नफ्याच्या हा केवळ तिसरा हिस्सा आहे. घरात राखलेले तीस हजार रुपये सुरक्षित होते हे खरे, परंतु तेच तीस हजार बाजारात असते तर त्यांचे साडेपंचावन्न हजारांहून अधिक झाले असते.

हा हिशेब पाहून शेठजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जो हप्ता भरताना हात थरथरतो, तोच खरे काम करतो."

याहून नेमके वाक्य मला सुचले नसते. चढत्या बाजारातील हप्ते सरासरीला वर ओढतात. तिला खाली आणण्याचे काम केवळ उतरत्या बाजारातील हप्ते करतात. एसआयपी चालू ठेवून मंदीत ती थांबवणे म्हणजे महागाईत माल भरायचा आणि भाव पडला की दुकानाला कुलूप लावायचे. आपल्यापैकी कोणीही हळदीचा धंदा असा करणार नाही.

या सरासरीच्या मर्यादा

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण एसआयपी विकणारे पुष्कळदा ती सांगत नाहीत.

पहिली गोष्ट अशी की, सरासरी कमी पडणे आणि नफा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्याच वहीतील पहिले चौदा हप्ते पाहा. फेब्रुवारी २००९ अखेर ७० हजार रुपये भरून झाले होते. त्या काळातील भावांची सरासरी १३.३३ होती आणि आपली खरेदी १२.४९ ने पडली होती. नियम पाळला गेला होता. तरीही त्या दिवशीचा भाव ८.८९ असल्याने हातात ५० हजारांहून थोडे कमीच आले असते. ज्याला त्याच महिन्यात मुलीचे शुल्क भरायचे होते, त्याला वीस हजारांचा तोटा सोसावा लागला असता. सरासरी तोटा कमी करते, तो नाहीसा करीत नाही. पैसे काढण्याच्या दिवशीचा भाव खरेदीच्या सरासरीहून वर असेल, तरच नफा.

दुसरी गोष्ट, बाजार एकसारखा चढत असेल तर हप्त्यांपेक्षा एकरकमी गुंतवणूक सरस ठरते. मार्च २००९ अखेर ९.७१ ला कोणी ५० हजार एकदम लावले असते, तर डिसेंबरअखेर त्यांचे जवळपास ९० हजार झाले असते. तेच ५० हजार मार्च ते डिसेंबर असे दहा हप्त्यांत लावणाऱ्याचे साडेसाठ हजार झाले. मात्र तो तळ मार्चमध्येच आहे, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. हप्त्याची पद्धत ही उत्तम भाव मिळवून देणारी नाही. ती वाईट दिवशी सर्व पैसा लावण्याच्या धोक्यापासून वाचवणारी आहे. आणि मुळात आपल्याकडे रक्कम महिन्याच्या उत्पन्नातूनच येत असेल, तर एकरकमीचा पर्याय उपलब्धच नसतो.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि क्वचितच सांगितली जाते. वर्षे उलटतात तशी सरासरीची ही शक्ती क्षीण होत जाते. पहिल्या वर्षी प्रत्येक हप्ता एकूण साठ्याचा मोठा भाग असतो, त्यामुळे स्वस्त खरेदीने सरासरी झपाट्याने खाली येते. दहा वर्षांनी १२० हप्ते भरून झालेले असतात. एकशे एकविसावा हप्ता सरासरीला जेमतेम स्पर्श करतो. समजा, तोवर दहा लाख जमले आहेत आणि बाजार तीस टक्क्यांनी उतरला, तर तीन लाखांची घट होईल. पाच हजारांचा स्वस्त हप्ता ती घट कशी भरून काढणार? म्हणून ज्या कामासाठी पैसा जमवला आहे, ते काम दोन-तीन वर्षांवर आले की जमलेली रक्कम टप्प्याटप्प्याने मुदत ठेवीसारख्या स्थिर ठिकाणी हलवावी. आरंभी सरासरी आपले रक्षण करते. शेवटी ते रक्षण आपणच करावे लागते.

चौथी गोष्ट वस्तूच्या निवडीची. उतरत्या भावात अधिक घ्यायचे, हे तत्त्व ज्या वस्तूचा भाव पुढेमागे सावरेल तिलाच लागू पडते. सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या असतात. एखादी मागे पडली तर ती वगळून दुसरी घेतली जाते. एकट्या कंपनीला अशी सोय नसते. पडत्या शेअरमध्ये 'सरासरी करतो' म्हणत पैसे ओतणारे आणि शेवटी कंपनीच बंद पडल्याने सर्व गमावणारे ग्राहक मी नोकरीच्या काळात पाहिले आहेत. कीड लागलेली हळद स्वस्तात मिळते म्हणून कोणी गोदाम भरत नाही. संपूर्ण बाजारही सावरायला फार काळ घेऊ शकतो. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेली उंची फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडू शकला. म्हणून पाच-सात वर्षांच्या आत लागणारा पैसा या मार्गाने लावूच नये.

हप्ता तुटतो कोठे?

आता व्यापारी कुटुंबांची खास अडचण. पगारदाराला दरमहा सारखे उत्पन्न असते. आपले उत्पन्न हंगामी. हळदीची आवक जोरात असते तेव्हा शेतकऱ्यांची पट्टी चुकती करावी लागते आणि चालू खाते रिकामे होते. उधारी मात्र पुढे केव्हातरी वसूल होते. शिवाय बाजारात मंदी येते तेव्हा पुष्कळदा धंद्यातही मंदी असते. म्हणजे जो हप्ता सर्वाधिक मोलाचा, तोच भरणे सर्वाधिक कठीण.

शेठजींशी बोलताना हेच उघड झाले. त्यांचा धीर सुटला होता हे अर्धेच सत्य. गेल्या तीन महिन्यांत दोन वेळा खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत गेला होता आणि बँकेने दंडही लावला होता. लागोपाठ हप्ते परत गेले तर फंडाकडून एसआयपीच रद्द होते, हे त्यांना माहीत नव्हते.

आम्ही मग तीन गोष्टी ठरवल्या. हप्ता पाच हजारांवरून तीन हजारांवर आणला. हप्त्याची रक्कम चांगल्या महिन्याच्या कमाईवरून न ठरवता, वर्षातील सर्वांत ओढगस्तीच्या महिन्यात जी निभेल ती ठरवावी. अखंड चाललेले तीन हजार हे मंदीत तुटणाऱ्या पाच हजारांपेक्षा सरासरीच्या दृष्टीने अधिक कामाचे आहेत. दुसरे, हप्ता पेढीच्या चालू खात्यातून न ठेवता घरच्या बचत खात्याला जोडला आणि हंगामाच्या कमाईतून तेथे सहा महिन्यांच्या हप्त्यांची रक्कम, म्हणजे १८ हजार रुपये, आधीच बाजूला ठेवली. तिसरे, हप्त्याची तारीख बदलली. ती पूर्वी वीस होती. मासिक जीएसटी विवरणाची अंतिम तारीखही बहुतेकांची तीच. आता ती पाच आहे. महिन्यातील कोणती तारीख निवडली याने सरासरीत दीर्घकाळात नगण्य फरक पडतो. हप्ता परत गेल्याने मात्र मोठा पडतो.

जाताना त्यांनी विचारले, "आता खातेपत्रक रोज पाहावे का?"

मी म्हटले, "वर्षातून एकदा, दिवाळीच्या हिशेबाबरोबर पाहा. भरलेली एकूण रक्कम घ्या, तिला एकूण युनिटांनी भागा. आपली खरेदी किती भावाने पडली ते कळेल. शेजारी त्या दिवशीची एनएव्ही लिहा. आणि तिसऱ्या रकान्यात वर्षात किती हप्ते चुकले ते लिहा. पहिले दोन आकडे बाजाराच्या हातात आहेत, तिसरा तुमच्या."

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर तेथेच तीन रकाने आखले. तिसऱ्या रकान्यात, यंदापुरते, दोन लिहावे लागले. माझ्या २००८-०९ च्या पानावर त्या ठिकाणी सहाचा आकडा आहे.